सोबत राहणारी इतर व्यक्ती

बेकरीवालीची फाइल बाबांनी वहिनीच्या हातात दिली, तेव्हा मी त्याच टेबलापाशी बसले होते. हात पुढे करायला मी निघालेही होते. तो तसाच मागे घेऊन मी केस सारखे केले. कारकून काकांनी ते पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. एवढे समजूतदार आहेत ते की रागच येतो.

"सूनबाई, अपील तू चालव," बाबा म्हणाले. "वन्सं तुझी उलटी बाजू घेतील."

वन्सं म्हणजे मी. वहिनी मला थट्टेने तशी हाक मारते, आणि बाबांनाही आता त्यात गंमत वाटायला लागली आहे. कोर्टात उभं राहण्यात मी वहिनीपेक्षा कितीतरी वर्षांनी जुनी आहे. बाबांच्या हाताखाली शाईचे डाग पाडून शिकलेली आहे. ही बाई माझ्या दादाशी लग्न करून घरात आली, मग ऑफिसात आली, आणि आता बाबांचा चष्मा कुठे राहिला तेसुद्धा तिलाच माहीत असतं. पूर्वी बाबा चष्मा हरवला की "अगं ए" म्हणून मला हाक मारायचे. हल्ली "सूनबाई" म्हणतात. सांगायला लाज कसली, माझा जळफळाट होतो.

उलटी बाजू ही आमच्या ऑफिसची जुनी रीत. मोठ्या केसच्या आधी जो वाद करणार, त्याने ऑफिसातच कुणाशी तरी भांडायचं. समोरचा विरुद्ध पक्षाचा वकील होतो. बाबा न्यायाधीश होतात, चष्मा कपाळावर चढवतात, आणि तेवढ्या वेळात त्यांना बाबा म्हणायचं नाही. जो हरेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. रीत चांगली आहे. घरच्या माणसाने आधी चिंध्या केल्या की कोर्टात अंगावर कापड टिकतं.

तर केस अशी. बेकरीवाली ही आमची अशील. पहाटे बेकरीत पाव भाजते म्हणून आम्ही तिला तसं म्हणतो. नवरा गेल्यावरही ती सासूजवळच राहिली. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, भाडेकरू म्हणून नाव सासूचं. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं हिनेच केलं. सासू गेली आणि घरमालकाने सांगितलं, बाई, आता निघा, भाडेकरू गेली, तुम्ही कोण? खालच्या कोर्टानेही तेच म्हटलं. अपील हरलं तर तिला ते घर सोडावं लागणार होतं. ती दुसरीकडे कुठे जाणार, हे तिलाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही.

सगळं भांडण कायद्याच्या एका वाक्यावर. कलम सात मला आता झोपेतही म्हणता येईल: "भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी किंवा पती, मुलगा, मुलगी, आई, वडील किंवा सोबत राहणारी इतर व्यक्ती भाडेकरू मानली जाईल."

यात सून नाही. आता सून ही "इतर व्यक्ती" का? सरळ वाचलं तर सोबत राहणारा कुणीही इतर व्यक्ती. पण मग घरात राहणारा नोकरही भाडेकरू होईल, पैसे देऊन राहणारी पाहुणीही होईल. असं वाचता येत नाही, म्हणून इजुस्डेम जेनेरिस नावाचा जुना नियम आहे. बाबा त्याला एका माळेचा नियम म्हणतात. आधी काही ठराविक नावं घेतली आणि शेवटी "इतर" म्हटलं, तर ते इतर त्याच माळेतले मणी असले पाहिजेत. त्याचाच मोठा भाऊ नॉस्किटुर अ सोसिस. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून करायची. म्हणजे कोर्टात प्रश्न एकच उरतो, त्या नावांची माळ कोणत्या दोऱ्यात ओवली आहे. दोरा कुठला ते ज्याने ठरवलं, त्याने केस जिंकली.

मी तो दोरा शोधायला बसले, आणि खरं सांगते, इतक्या आनंदाने मी कधी अभ्यास केला नव्हता. हरायची तर वहिनी हरणार होती.

ग्रंथालयातल्या मोठ्या टेबलाशी दुपारभर बसून मी कलम सातवर वेगवेगळे दोरे ओढून पाहिले. रक्ताचं नातं? नाही जमत, पत्नी रक्ताची नसते. जवळचं नातं? जवळचं म्हणजे किती, न्यायाधीश विचारणारच. मग एकदम सापडलं. पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, यातल्या प्रत्येकाचं भाडेकरूशी थेट नातं आहे. मध्ये कुणी नाही. एकाच पावलात पोचता येतं. सून मात्र मुलावरून येते. आधी मुलगा, मग त्याची बायको. दोन पावलं. माळेबाहेर!

मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. त्यावर आणखी कळस चढवला तो कलम चौदाने. घरमालकाला स्वतःच्या गरजेसाठी घर परत हवं असेल, तर ती गरज कुणाकुणाची चालेल हे तिथे लिहिलंय: "स्वतः, पत्नी किंवा पती, मुलगा, मुलगी, सून किंवा जावई." म्हणजे कायदा करणाऱ्यांना सून हा शब्द येत होता. हवी होती तिथे त्यांनी लिहिली. सातमध्ये लिहिली नाही, म्हणजे नको होती. एकाचं नाव घेतलं म्हणजे न घेतलेल्याला वगळलं, हाही जुनाच नियम.

संध्याकाळी घरी जेवताना दादाने विचारलं, "झाली का तयारी?" तो छापखाना चालवतो, आमच्या भांडणांत पडत नाही, पण मजा बघतो.

"माझी झाली," मी म्हटलं.

वहिनी भाजी वाढत होती. "माझी नाही झाली बाई," ती हसून म्हणाली. "वन्सं, थोडी दया करा हं उद्या."

असं गोड बोलली की माझं टाळकं आणखीनच सटकतं. वाकडं बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं दार लोटून बाबा चष्मा कपाळावर चढवून बसले. कारकून काका पट्टेवाले झाले. वहिनी अपीलवाली म्हणून आधी उभी राहिली. तिचा मुद्दा वाईट नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं. ती म्हणाली, यादीतले सगळे नातेवाईक आहेत. काही जन्माने, काही लग्नाने. तेव्हा दोरा हाच, जन्माचं किंवा लग्नाचं नातं आणि एकत्र राहणं. नोकर, पाहुणी आपोआप बाहेर. सून आत.

मी उठले. सावकाश उठले. "महोदय, माझ्या विद्वान मैत्रिणीचा दोरा फार लांब आहे," मी म्हटलं. "त्यात मावशीच्या दिराची मुलगीसुद्धा ओवता येईल. लग्नाचं नातंच आहे, दोन दिवस राहिली की झाली भाडेकरू." कारकून काका हसले. मग मी माझं एक पाऊल काढलं. पत्नी एक पाऊल, मुलगा एक पाऊल, आई एक पाऊल. सून? मी दोन बोटं वर केली. त्यावर कलम चौदा वाचून दाखवलं, आणि वाचताना सून शब्दावर इतका जोर दिला की बाबांनी भुवई उचलली.

"अपीलवाल्यांचं उत्तर?" बाबा वहिनीकडे वळले.

वहिनी उठली. तिने कलमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. आता काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि तिने पुन्हा माझ्याकडे पाहून ते मिटलं.

"नाही, काही नाही," ती म्हणाली. "उत्तर नाही माझ्याकडे."

मी जिंकले होते! वहिनी चहा करायला आतल्या खोलीत गेली आणि कपांचा आवाज मला बँडसारखा वाटला. बाबांनी चष्मा नाकावर उतरवला, माझ्याकडे बघून हसले. कित्येक महिन्यांत असं हसले नव्हते. मी लहान होऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसायचीच बाकी होते.

मग त्यांनी फाइल उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. "वकीलपत्रावर तिघांचीही नावं आहेत. वाद तू कर. ही गाठ तूच मारलीस, आता तूच सोडव."

वहिनी ट्रे घेऊन दारात उभी होती. "बरं झालं," ती म्हणाली, आणि चहा सगळ्यात आधी माझ्यापुढे धरला. ऐकलंत? बरं झालं म्हणे! माझ्या हातातून फाइल गेली असती तर मी तो ट्रे तिथेच आपटला असता.

चहा संपला, तोवर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. वहिनीला हरवायच्या नादात मी बेकरीवालीच्या घराला बाहेरून कुलूप लावलं होतं, आणि किल्ली माझ्याही खिशात नव्हती. आता उभं राहून मला म्हणायचं होतं की सून माळेतली आहे. आणि सून माळेत कशी नाही, हे या शहरात माझ्याएवढं चांगलं कुणालाच सांगता येत नव्हतं.

सुनावणीपर्यंतच्या दिवसांत कलम चौदाचं मी सोडवलं. ते सोपं निघालं. चौदामध्ये "इतर" हा शब्दच नाही. ती यादी बंद आहे, तिथे ज्याचं नाव नाही तो बाहेर, म्हणून सून, जावई नावानिशी लिहावे लागले. सातची यादी उघडी आहे. दार उघडं ठेवलं तर प्रत्येकाला नाव घेऊन बोलवायची गरज नसते. तेव्हा वगळण्याचा नियम इथे लागत नाही. इथवर ठीक.

पण एक पाऊल? ते काही हलेना. मी त्याला समोरून ढकललं, बाजूने ढकललं. इतकं नेटकं होतं मेलं की माझंच मला कौतुक वाटायचं आणि मग धडकी भरायची. वहिनीला विचारावं, असं मनात यायचं. त्या दिवशी तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते मी पाहिलं होतं. पण विचारणार कोण? एकदा तिच्या टेबलापर्यंत गेलेही. ती मान खाली घालून काही लिहीत होती. तिने वर पाहिलं, "काय गं?" मी म्हटलं, "स्टेपलर." स्टेपलर माझ्या टेबलावरही होता. तो घेऊन परत आले.

त्यात बेकरीवाली ऑफिसला आली. हातावर भाजल्याचे डाग, पदरात पावाची पिशवी. पिशवी वहिनीला दिली, कारण आजवर वहिनीच तिच्याशी बोलत आली होती. "ताई, तुम्हीच उभ्या राहणार ना?" तिने वहिनीला विचारलं.

"नाही, ह्या उभ्या राहतील," वहिनीने माझ्याकडे हात केला. "आमच्या घरातल्या सगळ्यात भांडखोर ह्याच. तुम्ही काळजी करू नका."

बेकरीवालीने माझ्याकडे जरा घाबरूनच पाहिलं. "सासूबाई म्हणायच्या, मी गेले तरी तू इथेच राहा," ती म्हणाली. "पण म्हणून काय होतं? कागदावर तर नाहीये मी." मग पदराने डोळे पुसले आणि गेली. मी तिला एक शब्दही धीराचा दिला नाही. मनात एवढंच आलं की अशीलसुद्धा पाव वहिनीच्याच हातात देते.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश बाई चष्म्याच्या वरून बघत बसल्या होत्या. समोर घरमालकाचे वकील, बारमध्ये ज्यांना सगळे लोणीसाहेब म्हणतात ते. बोलणं इतकं मऊ की माणूस घसरल्यावर कळतं. बेकरीवाली मागच्या बाकावर, तिच्या शेजारी बाबा. वहिनी माझ्या मागच्या खुर्चीवर, कायद्याचं पुस्तक उघडून.

मी आधी बोलले. वहिनीचाच दोरा मांडला, जन्माचं किंवा लग्नाचं नातं. दुसरा कुठून आणणार? चौदाचं उत्तरही आधीच देऊन टाकलं. बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं. मला वाटलं, निभावलं.

लोणीसाहेब उठले. आणि काय सांगू, त्यांनी माझंच पाऊल बाहेर काढलं! शब्द वेगळे, पण तेच. प्रत्येक नातं थेट, मध्ये कुणी नाही, सून मात्र मुलाच्या आडून येणारी. आपलंच पोर दुसऱ्याच्या कडेवर बसून आपल्याकडे बघून जीभ दाखवतंय, तसं वाटलं.

"थेट नाती," बाईंनी लिहिलं. "नेटका वर्ग आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "वकीलबाई, तुमच्या वर्गाला काठ कुठे? यांच्या वर्गाला आहे. हा वर्ग चुकीचा का, ते सांगा."

मी उभी राहिले. "महोदया, कायद्याचा हेतू असा की ज्याने त्या घरात संसार केला त्याला रस्त्यावर..."

"हेतू मला माहीत आहे. हा वर्ग चुकीचा का?"

"सून ही मुलीसारखीच..."

"सारखी म्हणजे मुलगी नव्हे. विधिमंडळाने मुलगी लिहिलंय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "दुसरं काही?"

मागच्या बाकावरून बेकरीवालीचा खोकला ऐकू आला. मी कागद चाळायला लागले, वकील बुडायला लागला की चाळतो तसे. बाबांकडे बघायचं धाडस नव्हतं. इतक्यात मागून माझ्या कोटाची बाही ओढली गेली. मी वाकले.

"वन्सं," वहिनी अगदी हळू म्हणाली, "आपलं घर तुझ्या दादाच्या नावावर आहे."

"मग?"

"उद्या त्याला काही झालं तर यादीत मी आहे. पत्नी. सगळ्यात पहिली." तिचा चेहरा लाल झाला होता. "तू कुठे आहेस?"

मला कुणीतरी कानशिलात दिल्यासारखं झालं. खरंच की. आमचंही भाड्याचंच घर. बाबांना जिने चढवेनात तेव्हा आम्ही ते खालच्या मजल्यावरचं घेतलं, आणि करार दादाच्या नावावर केला. पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. वहिनी आहे. बाबासुद्धा आहेत. सख्खी बहीण कुठेच नाही. या यादीत मी कोण असेन, तर शेवटची ती, सोबत राहणारी इतर व्यक्ती. आणि माझ्या त्या नेटक्या वर्गात तर तीही नाही. बहीण भावाची होते ती आई-वडिलांवरून. दोन पावलं. वहिनीला बाहेर ठेवायला मी घराला कुंपण घातलं, ते तिच्या बाहेरून गेलं होतं आणि माझ्या आतून.

रडू आलं असतं. पण बाई बघत होत्या.

"महोदया," मी म्हटलं, "माझ्या विद्वान मित्रांना न्यायालयाने एकच विचारावं. त्यांच्या वर्गात 'इतर व्यक्ती' कोण? एक उदाहरण. भाडेकरूची सख्खी बहीण, जन्मभर त्याच घरात राहिलेली, ती आहे का?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं आणि लोणीसाहेबांकडे पाहिलं. "सांगा. बहीण?"

लोणीसाहेबांनी पुस्तकातलं कलम पुन्हा पाहिलं. "बहीण... नाही, महोदया. ती आई-वडिलांवरून येते."

"नातू?"

"तोही मुलावरून."

"मग एका पावलाचं कोण उरलं? पत्नी, पती, मुलं, आई, वडील तर नावानिशी लिहिलेत."

"दत्तक मुलगा, महोदया."

"दत्तक मुलगा कायद्याने मुलगाच. तो आधीच आत आहे. आणखी कुणी?"

कुणीच नव्हतं. मी ते वाक्य कितीदा म्हटलं होतं, पण एका पावलावरची सगळी माणसं त्यात नावानिशी येऊन गेली आहेत, हे मला दिसलंच नव्हतं. माळ नेमकी तेवढीच धरली तर "इतर" या शब्दाला कामच उरत नाही. आणि कायद्यातला शब्द फुकट बसवलेला असतो असं कोर्ट सहजासहजी मानत नाही.

"म्हणजे तुमचा वर्ग भरून संपला," बाई म्हणाल्या. "संपलेल्या वर्गाच्या पुढे 'इतर' लिहायचं कारण नव्हतं."

लोणीसाहेबांनी सावरायचा प्रयत्न केला. बहीण, नातू घ्या हवे तर, ते रक्ताचे आहेत, सून रक्ताची नाही.

आता मला कुणी बाही ओढायची गरज नव्हती. "यादीतली पहिलीच व्यक्ती रक्ताची नाही, महोदया," मी म्हटलं. "पत्नी लग्नाने येते. यादीत जन्म आणि लग्न दोन्ही आहेत. बहिणीला दोन पावलांवरून आत घेतलं, तर सुनेला त्याच दोन पावलांसाठी बाहेर ठेवता येणार नाही. आणि काठ विचारलात, तर तो सोबतच्या शब्दांतच आहे. सगळी नाती, आणि सगळी घरातली. नोकर येत नाही, पैसे देणारी पाहुणी येत नाही. मावशीच्या दिराची मुलगी चार दिवस आली तर ती पाहुणी. भाडेकरूच्या घरचीच होऊन राहिलेली बाई येते."

बाईंनी निकाल तिथेच सांगितला. अपील मंजूर. बेकरीवालीला बाबांनी समजावलं तेव्हा तिने आधी त्यांचे हात धरले, मग माझ्याकडे धावत आली आणि माझ्या काळ्या कोटावर पिठाचे ठसे उमटवून मोठ्याने रडली. मलाही आवरलं नाही. पण माझ्या रडण्याचं कारण तिला वाटलं तेवढंच नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर मी वहिनीला आतल्या खोलीत गाठलं. "त्या दिवशी तुला हे माहीत होतं," मी म्हटलं. "तू तोंड उघडलं होतंस."

तिने मान डोलावली.

"मग बोलली का नाहीस? केस तुझी होती. तिथेच मला गारद केलं असतंस."

"बाबांच्या समोर?" वहिनी म्हणाली. "काकांच्या समोर? मी उभी राहून म्हणायचं, की वन्सं, या घराच्या यादीत मी पहिली आहे आणि तुम्ही 'इतर'? असं कुणी म्हणतं का गं घरात?" मग तिने माझ्या कोटावरचं पीठ झटकलं. "आज बेकरीवालीचं घर जात होतं, म्हणून म्हणावं लागलं. तुला लागलं असेल तर माफ कर."

आता सांगा, अशा बाईचं काय करायचं? आजवर मला तिच्या खुर्चीचा हेवा वाटत होता, बाबांच्या हाकेचा, फाइलींचा. ते सगळं एका बाजूला राहिलं. आता मला तिच्या त्या गप्प बसण्याचा हेवा वाटायला लागला, आणि तो कितीतरी जास्त झोंबला. कारण मला ते जन्मात जमलं नसतं. तिच्या जागी मी असते तर ते उत्तर मी बाबांसमोर टाळी वाजवून दिलं असतं.

मी बाहेर गेले. बाबा चष्मा शोधत होते. "आजचं उत्तर तिचं होतं," मी त्यांना म्हटलं. जड गेलं, तरी म्हटलं. "बहीण तिने सुचवली."

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "त्या दिवशी ती अडखळली नव्हती, थांबली होती. डोळे गेलेत माझे, पण एवढं दिसतं अजून." मग, माझ्याकडे न बघता, "ते घराचं... आपल्या घरात तुला कुणी इतर म्हणणार नाही. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही बघ ते."

"कुणाच्याच आलं नव्हतं," मी म्हटलं. "तिच्याशिवाय."

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. मला आधी दिसला. "सूनबाई" अशी हाक ते मारणार, एवढ्यात मी तो त्यांच्या नाकावर उतरवला आणि आत वळले.

वहिनी शेगडीशी उभी राहून पातेलं शोधत होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"सरक," मी म्हटलं. "हरलेय मी. चहा मी करते."